स्वप्नांच्या प्रकरणातलं एक पान

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथालयाची स्मरणिका निघाली तेव्हा 'वाचनकट्ट्याच्या आठवणी' असा लेख मला लिहायला सांगितला होता. मी चार पानं लिहून दिली. कट्टा कसा सुरू झाला, पहिल्या वर्षी खुर्च्या कमी पडायच्या म्हणून आम्ही खाली सतरंजीवर कसे बसायचो, चहा कोण आणायचं, कोणत्या पुस्तकावर किती भांडणं झाली. ते सगळं खरं आहे. लोकांनी वाचून फोनही केले. पण जी एक गोष्ट लिहायला हवी होती, तीच मी त्यात लिहिली नाही. ज्या दोघांशी तिचा संबंध होता ते दोघंही आता नाहीत. माझंही वय त्र्याऐंशी झालं. आता टाळायलाही वेळ उरलेला नाही.

आमचा कट्टा मुलुंड पूर्वेला, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. एक रविवार सोडून एक, सकाळी दहाला. वीस-बावीस माणसं, बहुतेक निवृत्त. पद्धत अशी होती की इंग्रजीत विज्ञानावरची जी सोपी, सगळ्यांसाठी लिहिलेली पुस्तकं येतात, ती ज्याला जमतील त्याने घरी वाचायची, वहीत मराठीत उतरवायची आणि कट्ट्यावर वाचून दाखवायची. शब्दाला शब्द भाषांतर नाही. शेजाऱ्याला सांगावं तसं. वाचन झालं की ती वही मूळ पुस्तकाशेजारी कपाटात ठेवायची, म्हणजे जो आला नाही त्याला नंतर वाचता येईल. कुणी खगोलशास्त्र घेतलं, कुणी झाडं घेतली. मेंदू, आठवणी आणि स्वप्नं माझ्याकडे आली.

माझ्याकडे यायचं कारण फार शास्त्रीय नव्हतं. मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. पहिल्याच रविवारी मी म्हणालो, "मेंदू म्हणजे एक मोठं एक्स्चेंज." सगळ्यांना लगेच समजलं, मलाही आपण काहीतरी समजावू शकतो असं वाटलं. पुढे वाचत गेलो तसं कळलं की ते फारसं बरोबर नाही. एक्स्चेंजमध्ये एका नंबरची तारांची एक जोडी असते, ती तुटली की तो नंबर बंद. आठवण अशी एका तारेवर बसलेली नसते. ती पुष्कळ पेशींच्या जोडण्यांत विखुरलेली असते, आणि आपण आठवतो तेव्हा ती जणू पुन्हा जुळवली जाते. जुळवताना तिच्यात थोडं इकडचं-तिकडचं मिसळतं आणि पुन्हा ठेवताना कधी कधी ते मिसळलेलंच आत जातं. म्हणून आज मी जे लिहितोय त्यातलं सगळं जसंच्या तसं घडलं अशी खात्री मी देत नाही. पण माझ्या वह्या आहेत. ज्यावर हे सगळं उभं आहे ते पान माझ्या अक्षरात, माझ्या कपाटात आहे. त्याबद्दल माझ्या आठवणीला काही म्हणायला जागा नाही.

माझा मित्र कट्ट्यावर यायचा तो माझ्यामुळे, आणि त्याची बायको यायची ती तिच्या स्वतःच्या हौसेने. तो मूळचा मालवणकडचा. वडील लालबागला गिरणीत होते, हा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. सकाळी आम्ही दोघं एकत्र फिरायला जायचो. मला तो 'टेलिफोन' म्हणायचा. आवाज चढवून बोललेला मी त्याला कधी ऐकला नाही. कॅरममध्ये हरला तरी सोंगट्या नीट डब्यात भरून मग उठायचा. वहिनी बालवाडीत शिकवायच्या. बारीक, चटपटीत, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायच्या, मांडीवर वही असायची, आणि मी काही बोललो की ते लिहून घ्यायच्या. माझं लिहून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्याचं मला किती बरं वाटायचं ते आज सांगायला लाज वाटते.

स्वप्नांवरचं पहिलं पुस्तक मी घेतलं ते जुनं होतं. रद्दीवाल्याकडून मिळालेलं. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या कल्पनांचा सोपा सारांश होता: माणूस दिवसा ज्या इच्छा दाबून ठेवतो त्या स्वप्नात वेश पालटून बाहेर येतात. लिहिणाऱ्याने छान छान उदाहरणं दिली होती. कट्ट्याला ते पुस्तक फार आवडलं, कारण प्रत्येकाला आपापली स्वप्नं होती. एक निवृत्त परिचारिका होत्या, त्यांना नेहमी शंका असायच्या, त्यांनी विचारलं, "ह्याला पुरावा काय?" मी म्हणालो, "बाई, मनाला कुठे पट्टी लावता येते?" लोक हसले. मी रंगात आलो होतो.

तेव्हा वहिनींनी हात वर केला. "आणि झोपेत कुणी मारलं तर? म्हणजे शेजारच्या माणसाला?"

मी क्षणभरही थांबलो नाही. म्हणालो, "तर तो हात दिवसभर खिशात घालून ठेवलेला असतो, वहिनी."

मोठा हशा झाला. माझा मित्रही हसला. वहिनींनी मान खाली घालून ते वाक्य वहीत लिहिलं. माझ्या वहीतही ते आहे, कारण घरी आल्यावर आपलं वाक्य चांगलं जमलं म्हणून मी ते समासात लिहून ठेवलं.

मला तेव्हा काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. कळलं ते दहाएक दिवसांनी, फिरताना. मित्र नेहमीसारखाच मजेत सांगत होता. "अरे, मी झोपेत हल्ली मारामारी करतंय. परवा पहाटे तिच्या खांद्यावर असा गुद्दा बसला की काळंनिळं झालं. गेल्या महिन्यात मी पलंगावरून खाली."

"स्वप्न पडतं?"

"तर काय. वळू येतो अंगावर. आमच्या गावचा. तिच्यावर धावून जातो मेला, मी मधे पडतो आणि त्याला ढकलतो. उठून बघतो तर वळू नाही, बायको ओरडतेय." तो हसला. मग थोडं चालल्यावर म्हणाला, "आधी तीपण हसायची. आता विचारते, स्वप्नात खरं कोण असतं, वळू की मी?"

मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी गमतीचंच बोललो असेन. ते "वळू की मी" कुठून आलं हे मला लगेच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल.

पावसाळा संपता संपता तो सांगायला लागला की वहिनी आता बाहेरच्या खोलीत गादी घालून झोपतात. त्यांचं घर म्हणजे एक खोली, एक हॉल आणि स्वयंपाकघर. चाळीस वर्षांचा संसार, मुलगा बंगलोरला. तो म्हणाला, "म्हणते, माझे गुडघे दुखतात, पलंगावर चढता येत नाही. पलंग काय रे, एवढाही उंच नाही." मी म्हणालो, वय झालं की झोप वेगळी होते सगळ्यांची. तो म्हणाला, "होय तर."

त्याच सुमारास वहिनी कट्ट्यावर सगळ्यांसमोर त्याची थट्टा करायच्या. "ह्यांना काही वास येत नाही हो आता. काल सुके बोंबील तव्यावर कोळसा झाले, हे शेजारी बसून पेपर वाचतायत." तो म्हणायचा, "तुझ्या हातचं जळलेलं आणि चांगलं, वास सारखाच." त्यावरही आम्ही हसायचो. वास जाणं म्हणजे काय असू शकतं, हे मी पुढे एका पानावर वाचणार होतो.

दोन वर्षांनी ग्रंथालयात एक नवं पुस्तक आलं. झोपेवर, स्वप्नांवर आणि मेंदूवर. लिहिणारा स्वतः मेंदूचा अभ्यासक, पण भाषा माझ्यासारख्याला समजेल अशी. मी ते दोन महिने वाचलं. इतक्या आनंदाने मी दुसरं कुठलंच पुस्तक वाचलेलं नाही. झोपेत मेंदू बंद होत नाही हे ऐकून होतो, पण स्वप्नांच्या झोपेत तो जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो, डोळे पापण्यांआड भराभरा फिरत असतात, भीती आणि भावनांचे भाग जोरात असतात आणि तपासून बघणारा, 'हे शक्य नाही' म्हणणारा पुढचा भाग मंद असतो, म्हणून स्वप्नात मेलेली माणसं जेवायला येतात आणि आपल्याला नवल वाटत नाही. हे सगळं मी पहिल्यांदा वाचत होतो. अशी झोप रात्रभरात फेऱ्या घेत येते आणि सकाळ जवळ येते तशी तिची फेरी लांबत जाते. म्हणून स्वप्नं पहाटेची जास्त.

आणि मग एक पान आलं.

त्या पानावर लिहिलं होतं की स्वप्नाच्या झोपेत आपलं शरीर जखडलेलं असतं. मेंदूच्या बुडाशी, मान जिथे सुरू होते तिथल्या भागातून खाली मज्जारज्जूकडे असा निरोप जातो की स्नायूंनी हलायचं नाही. श्वास चालू राहतो, डोळे फिरतात, बाकी सगळं ढिलं. ही सोय नसती तर प्रत्येक जण स्वप्नात पळताना भिंतीवर आपटला असता. काही लोकांमध्ये, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या पुरुषांमध्ये, हा ब्रेक निकामी होतो. मग स्वप्नात जे चाललंय ते हातपाय करून मोकळे होतात. ही स्वप्नं बहुतेक एकाच जातीची असतात: कुणीतरी अंगावर धावून येतंय, जनावर असेल, चोर असेल, आणि आपण स्वतःला किंवा जवळच्या माणसाला वाचवतोय. जागेपणी ही माणसं मुळीच मारकुटी नसतात. शेजारी झोपलेल्याला लागतं, पण रोख त्याच्यावर नसतो.

पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की अशा लोकांपैकी पुष्कळांना पुढे, कधी कधी खूप वर्षांनी, पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा आजार होतो. वास कमी होणं हीही तशीच एक आधीची खूण असते. आजार थांबवेल असं औषध अजून नाही, पण झोपेतलं झाडणं कमी करायला औषधं आहेत, पलंगाभोवतीच्या टोकदार वस्तू काढाव्यात, आणि डॉक्टरांना दाखवावं.

मी ते पान वहीत उतरवलं. दोन्ही परिच्छेद. अक्षर नीट आहे, कुठे खाडाखोड नाही. म्हणजे लिहिताना माझा विचार वाचून दाखवण्याचाच होता.

रविवारी मी उभा राहिलो. मित्र पहिल्या रांगेत बसला होता, वहिनी मागे कडेला. पंधरा-वीस मिनिटं मस्त चाललं. डोळे कसे फिरतात, पहाटेची स्वप्नं का लक्षात राहतात. वहीचं पान उलटताना मला दिसलं की आता ते येणार. मी मित्राकडे पाहिलं. त्याचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटावर गोळी वळावी तसा हलत होता. मी त्याआधी ते पाहिलंच नव्हतं. मी एका पानाऐवजी दोन पानं उलटली आणि आठवणी झोपेत कशा पक्क्या होतात तिथून पुढे वाचायला लागलो.

वाक्य जुळलं नाही. परिचारिकाबाईंनी लगेच पकडलं. "मधे काही राहिलं का हो?"

"तांत्रिक होतं," मी म्हणालो. "कंटाळवाणं."

आजवर मी स्वतःला सांगत आलो की ते दयेने केलं. भर सभेत मित्राला त्याचा आजार कसा सांगायचा? आणि ते वाचून मी काय डॉक्टर झालो होतो? हे दोन्ही मुद्दे चुकीचे नाहीत. पण मला पहिला परिच्छेद वाचता आला असता. तेवढाच. त्यात आजाराचा शब्द नव्हता. 'ब्रेक निकामी होतो, रोख शेजारच्यावर नसतो' एवढं वाचून मी थांबलो असतो तरी कडेच्या खुर्चीवरच्या बाईला जे हवं होतं ते मिळालं असतं. आणि आजाराचं त्याला दुसऱ्या दिवशी फिरताना, एकट्याला सांगता आलं असतं.

तो पहिला परिच्छेद मी वाचला नाही, कारण तो वाचला की कुणीतरी विचारणार: मग तो खिशातला हात? परिचारिकाबाईंनीच विचारलं असतं. त्यांना सगळं लक्षात राहायचं. आणि मला वीस माणसांसमोर म्हणावं लागलं असतं की मी ते उगाच बोललो होतो, मला काही ठाऊक नव्हतं, हशा मिळावा म्हणून बोललो होतो. हे खरं कारण. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितोय.

ती वही मी कपाटात ठेवली नाही. म्हणालो, जरा फेअर करून आणतो. पुस्तक परत केलं, वही घरीच राहिली.

त्यानंतर पाचएक वर्षं गेली. मित्राची पावलं लहान पडायला लागली, चालताना डावा हात हलेनासा झाला, शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. सुरुवातीला सगळ्यांनी वयावर ढकललं. शेवटी घाटकोपरच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मुलाला यायला जमेना, वहिनी म्हणाल्या, "मी येऊन काय करू, मला जिना चढवत नाही," म्हणून मी सोबत गेलो.

डॉक्टर चाळिशीतल्या बाई होत्या, शांत. त्यांनी त्याला अंगठा आणि बोट टकटक जुळवायला लावलं, मनगट वळवून बघितलं, बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवलं. मग लिहिता लिहिता विचारलं, "वास येतो का नीट?"

"येत नाही. बायको म्हणते नाक गहाण टाकलंय."

"झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं?"

"आता कुणाला माहीत, डॉक्टर. मी एकटाच झोपतो. पूर्वी झाडायचो. बायको बाहेर गेली झोपायला."

"कधीपासून?"

त्याने बोटं मोजली. "सात वर्षं तरी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला समजावून सांगितलं. तो ब्रेक, ती झोप, ते स्वप्न. जवळजवळ माझ्या वहीतलीच वाक्यं होती, फक्त जास्त साधी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मनात राग असतो, म्हणून नव्हे?"

"राग कसला? तुम्ही स्वप्नात काय करत होता?"

"बायकोवर वळू यायचा. त्याला ढकलायचो."

"मग तुम्ही त्यांना वाचवत होता," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनाही पुढच्या वेळी आणा. मी सांगेन."

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. औषधाच्या दुकानात नंबर लागला होता. तो म्हणाला, "तुला ठाऊक होतं."

मी दुकानातला नंबर बघायला मान वळवली.

"डॉक्टरीण बोलत होती आणि तू मान हलवत होतास. पुढचं वाक्य यायच्या आधीच."

"पुस्तकात वाचलं होतं."

"कधी?"

मी सांगितलं. वाचून दाखवलं नाही तेही सांगितलं. का, ते मात्र नाही सांगितलं. तेही म्हणालो असतो तर बरं झालं असतं, तो रागावला असता. तो रागावला नाही. आजाराबद्दल तर त्याने काहीच विचारलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून, मालवणीत, अगदी हळू म्हणाला, "माका नको सांगू. तिका सांग."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर तिला वाटेल सारवासारव करतोय. तुझं ती वहीत लिहून घ्यायची, टेलिफोन. तू बोलला होतास, तूच सांग. ती वही घेऊन ये आणि वाचून दाखव. जशी कट्ट्यावर वाचतोस तशी."

मी हो म्हणालो.

त्यानेही आपल्या परीने सांगून बघितलं, हे मला नंतर कळलं. म्हणाला, "मी सांगितलं सगळं. ती म्हणाली, असेल. तिचं 'असेल' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे ना?" मला ठाऊक होतं. बालवाडीत एखाद्या पोराने 'बाई, मी नाही मारलं' म्हटलं की ज्या सुरात म्हणतात, तो.

वहिनी डॉक्टरांकडे गेल्याच नाहीत. पुढच्या वेळी मुलगा रजा काढून आला, तोच गेला. माझ्यावरच आलं होतं. मी दोनदा वही पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदा त्यांची नणंद आलेली होती. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. मित्र आत झोपला होता. वहिनी त्याच्यासाठी पेज गाळत होत्या, कारण त्याला आता गिळताना ठसका लागायचा. मी खुर्चीवर बसलो, पिशवी मांडीवर. त्या म्हणाल्या, "काय आणलंय?" मी म्हणालो, "काही नाही, ग्रंथालयात जायचंय." मग आम्ही पाण्याच्या वेळेबद्दल बोललो. लिफ्टबद्दल बोललो. मी निघालो तेव्हा तो जागा होऊन आतून, त्या बारीक झालेल्या आवाजात वहिनींना विचारत होता, "आला होता काय? सांगितलं?" वहिनी म्हणाल्या, "काय सांगायचंय?" मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो.

पुढच्या महिन्यात त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसात संसर्ग झाला होता. नऊ दिवसांत गेला. मी शेवटी गेलो तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. त्याला वाटलं असेल, सांगितलं म्हणून.

दिवस वगैरे झाल्यावर मी एकदा ठरवूनच गेलो. सकाळी अकराची वेळ. वहिनी एकट्या होत्या. बाहेरच्या खोलीतली गादी तशीच गुंडाळून भिंतीशी होती, आतला पलंग रिकामा असूनही. मी वही काढली. या वेळी खरंच काढली आणि मांडीवर ठेवली.

त्यांनी ती ओळखली. "कट्ट्याची ना? मीही माझ्या जपून ठेवल्यायत." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचं होतं. तुम्ही तेव्हा स्पष्ट बोललात ते बरं झालं."

"कधी?"

"तो खिशातला हात. सगळे हसले, पण मला कळायचं ते कळलं. मला आधी वाटायचं, हा माणूस किती शांत, माझं नशीब. मग कळलं की शांत नव्हता, गप्प होता. मी काही कमी बोलले नाही हो त्याला आयुष्यभर. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. राग असणारच. पण शेवटी मी त्याचं सगळं केलं, तुम्ही बघितलंय. राग धरून नाही केलं. म्हटलं, त्याने मला मनातून क्षमा केली नसेल, पण मी त्याला करते."

मी वहीवर हात ठेवून बसलो होतो. ते पान मला न बघता उघडता आलं असतं.

"हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोठ्या भावासारखे, म्हणून."

आता इतकी वर्षं वाचून मला माहीत आहे की त्या क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं. त्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या आठवणी एका क्षणात बदलल्या नसत्या. पण आठवताना दरवेळी आठवण नव्याने जुळते, तेव्हा पुढच्या वेळी जुळताना तिच्यात वळू आला असता. हळूहळू का होईना, तो माणूस त्यांना परत मिळाला असता. मिळाला असता आणि त्याबरोबर हेही कळलं असतं की वेगळी गादी, 'वळू की मी', ते 'असेल', सगळं उगाच गेलं, माझ्या एका वाक्यापायी गेलं. त्यांनी नुकतंच आपल्या मनात सगळं नीट लावून ठेवलं होतं. ते मोडायचा मला काय हक्क, असं मी स्वतःला म्हणालो. पुन्हा दया. मी वही पिशवीत ठेवली, त्यांनी केलेला चहा प्यालो आणि घरी आलो.

पुढच्या वर्षी त्याही गेल्या. हृदयविकाराने, दुपारी, घरातच. मुलाने फ्लॅट विकायच्या आधी मला बोलावून विचारलं, आईची पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची का. त्यात त्यांच्या वह्याही होत्या. मी त्यांतली एकही उघडली नाही.

जे सांगायचं होतं ते फार नव्हतं. पाठ होतं. जिना चढताना प्रत्येक वेळी म्हणून बघायचो. ते असं:

वहिनी, त्या रविवारी मी जे बोललो ते मला माहीत नसताना बोललो, लोकांनी हसावं म्हणून. ते खोटं होतं. पुढे खरं काय ते कळलं तेव्हा तुम्ही समोर बसला होता आणि मी पान उलटलं, कारण माझी चूक कबूल करायची मला लाज वाटली. त्याच्या मनात तुमच्यावर राग नव्हता. झोपेत त्याच्या मेंदूतला एक ब्रेक निसटत होता, एवढंच. तुम्ही बाहेरच्या खोलीत गेलात ते त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तुम्ही त्याला क्षमा केलीत, पण त्याने काही केलंच नव्हतं. क्षमा मला मागायची होती.